कुकरच्या तीन शिट्ट्या आणि एक तक्रार अर्ज

आत्तीचा आवाज आला तो गुरुवारी रात्री, ११ जुलै २०२४ ला. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा. नातवानं फोन हातात धरून दिला असावा, कारण सुरुवातीला तोच कुजबुजला, "आज्जी, बोल आता." आणि मग आत्ती सुरू झाली ती अकरा मिनिटं थांबली नाही. एटीएममधून पैसे आले नव्हते, खात्यातून मात्र गेले होते. बँकेत "लेखी द्या" म्हणाले होते. घरात लिहिणारा माणूस म्हणून तिला पुण्यातला भाचा आठवला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा ऐकताना वही घेतली आणि जसं आहे तसं उतरवून काढलं. सुरुवातीचा भाग असा:

"चालू झालं का हे? हां. लिही. प्रति, मॅनेजर साहेब. ज्यांचं मशीन हाय त्या बँकेचं. न्हाई, थांब. खातं आपलं पेठेतल्या बँकेत हाय. पण मशीन त्यांचं. बघ तूच. तर लिही, मी सव्वीस तारखेला मंगळवारी पैसे काढायला गेलो. दहा हजार. दहा न्हाई रे, आठ. दहा मागल्या महिन्यात काढलं होतं. अंगारकी होती, पोटात काही नव्हतं, म्हटलं औषधाचं पैसे काढावं आन् तसंच गणपतीला जावं. ए पोरा, ते कुकर बंद कर, तीन झाल्या. तर मशीन नुसतं घुर्रर्र केलं आन् गप. चिठ्ठी आली, पैसे न्हाईत. वॉचमन म्हणतो सकाळपासनं असंच करतंय मेलं. मेलं लिहू नको. आन् हे सायेब म्हणतात आठ दिवस थांबा. आम्ही काय भीक मागतोय व्हय? हे लिही."

कोल्हापूरकडची बाई "मी गेलो" म्हणते, "आलो" म्हणते, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. अर्जात मी "गेले" केलं. ते करताना जरा चुकल्यासारखं वाटलं, पण टेबलामागचा माणूस कुठल्या गावाहून बदलून आलेला असेल सांगता येत नाही. "खातेदार श्रीमती" आणि खाली "मी गेलो होतो" हे वाचून अर्ज दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, असं त्याला वाटायला नको.

उतरवलेल्या मजकुरावर मी लाल पेन घेऊन बसलो. कुकर गेला. "ए पोरा" गेलं. "मेलं" तिनं स्वतःच काढायला लावलं होतं. "अंगारकी होती, पोटात काही नव्हतं" यावरही रेघ मारली. बँकेला तिच्या उपवासाशी काय देणंघेणं! अर्ध्या तासात तीन पानांचं दहा ओळींवर आणलं आणि स्वतःवर खूश झालो.

मग तारखेशी अडलो. "सव्वीस तारखेला मंगळवारी." कॅलेंडर उघडलं तर २६ जूनला बुधवार. म्हणजे तारीख चुकली किंवा वार चुकला. आपण सहसा वारावर संशय घेतो, कारण आकडा सांगणारा माणूस विचार करून सांगतो असं वाटतं. मी वार खोडून "२६ जून" ठेवणारच होतो. तेवढ्यात रेघेखालच्या अंगारकीकडे लक्ष गेलं. संकष्टी मंगळवारी आली तरच अंगारकी होते. बुधवारची अंगारकी नसते. कॅलेंडरात २५ जूनच्या चौकोनात गणपती होता आणि वार मंगळवार. आत्तीनं त्या दिवशी दिवसभर काही खाल्लं नव्हतं, ते ती विसरणं शक्य नाही. सव्वीस तारीख आली कुठून? नातवानं पैसे गेल्याचा मेसेज तिला दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून दाखवला होता. तिला पैसे "गेल्याचं" कळलं ते सव्वीसला.

एका दिवसाचा फरक म्हणजे काही मोठी गोष्ट नाही असं वाटेल. पण या प्रकारच्या तक्रारीत सगळा हिशेब व्यवहाराच्या तारखेपासून सुरू होतो. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममधून रोकड आली नाही आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत बँकेनं आपणहून ती परत जमा करायची. त्यात दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, सुट्ट्या वगळून नाहीत. पाच दिवसांपुढे जितके दिवस उशीर, तितके दिवस रोज १०० रुपये भरपाई, तीही खातेदारानं न मागता. व्यवहार २५ जूनचा, म्हणजे मुदत ३० जूनला संपली आणि भरपाई १ जुलैपासून सुरू झाली. २६ लिहिलं असतं तर आत्तीचे शंभर रुपये माझ्या हातानं गेले असते. त्याहून वाईट म्हणजे बँकेनं २६ तारखेच्या नोंदी तपासल्या असत्या आणि "असा व्यवहार आढळला नाही" असं छापील उत्तर पाठवलं असतं.

तेव्हा लाल रेघा बाजूला ठेवल्या आणि वही पुन्हा पहिल्यापासून वाचली.

बोलून सांगितलेल्या मजकुरात "न्हाई" हा शब्द किती तऱ्हांनी येतो ते तेव्हा दिसलं. "दहा न्हाई रे, आठ" इथं सरळ दुरुस्ती आहे. चुकलेला आकडा कुठून आला तेही तिनं पुढच्याच वाक्यात सांगितलं, म्हणजे शंकेला जागा नाही. "ज्यांचं मशीन हाय त्या बँकेचं. न्हाई, थांब" ही मात्र दुरुस्ती नाही, तो प्रश्न आहे. ती अडली आणि माझ्यावर सोपवून पुढे गेली. याचं उत्तर आवाजात सापडणार नव्हतं, ते नियमात होतं. मशीन कुणाचंही असो, तक्रार द्यायची आपलं कार्ड ज्या बँकेचं आहे तिथं. मशीनवाल्या बँकेशी बोलणं हे आपल्या बँकेचं काम. त्यामुळे "प्रति" खाली पेठेतली शाखा आली, आणि मशीन दुसऱ्या बँकेचं असल्याचा उल्लेख मजकुरात गेला.

तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड. सहाव्या मिनिटाला ती म्हणते, "तो टेबलावरचा लई उर्मट बोलला, लिही ते." लगेच, "न्हाई, खोड, नवीन पोरगं हाय." आणि नवव्या मिनिटाला, बँकेचा विषय संपून औषधांचं बोलणं चाललेलं असताना मध्येच, "पण तसं बोलायला नको होतं त्यानं." आता शेवटचा शब्द कुठला धरायचा? शेवटचं वाक्य म्हणजे अंतिम मत, असा नियम केला तर उर्मटपणा परत अर्जात येतो. पण ते वाक्य ती मला सांगत नव्हती, स्वतःशी बोलत होती. आवाज खाली आला होता, "लिही" हा शब्दही नव्हता. "लिही" आणि "खोड" म्हणताना तिचा आवाज किंचित वर जातो, शाळेतल्या बाईंसारखा. कागदावर उतरवलं की तो फरक पुसला जातो. म्हणून अशा ठिकाणी लिहिलेलं वाचून ठरवू नये, परत ऐकावं. मी परत ऐकलं आणि उर्मटपणा बाहेरच ठेवला.

मग माझा मसुदा. दहा ओळींतली तिसरी ओळ मी अशी लिहिली होती: "दि. २५ जून रोजी माझ्याकडून सदर एटीएममधून रु. ८,००० काढण्यात आले, परंतु रक्कम प्राप्त झाली नाही." वाचायला अगदी सरकारी. आणि आत्तीच्याच विरुद्ध. आत्ती "आठ हजार काढलं, पण आलं न्हाईत" म्हणते तेव्हा "काढलं" म्हणजे काढायला गेले, बटणं दाबली. ऐकणाऱ्याला ते कळतं. कागदावर मात्र "रक्कम काढण्यात आली" याचा अर्थ रक्कम निघाली, मिळाली. घाईत वाचणारा कर्मचारी स्वल्पविरामाच्या अलीकडेच थांबला तर खातेदारानं स्वतःच पैसे काढल्याचं कबूल केलं आहे. त्या एका क्रियापदाचे तीन तुकडे करावे लागले: काढण्याचा प्रयत्न केला, मशीनमधून रोकड बाहेर आली नाही, खात्यातून रक्कम वजा झाली. जे घडलं ते तीन ठिकाणी घडलं होतं, तिच्या बोटाशी, मशीनच्या तोंडाशी आणि खात्यात. तक्रार नेमकी त्यांच्यात मेळ नाही हीच आहे.

"-ण्यात आले" हे रूप आपल्याला अर्ज म्हटलं की आपसूक सुचतं. त्यात कर्ता लपतो. माहिती अधिकाराच्या उत्तरात साहेबांना ते सोयीचं असतं, तक्रारदाराला नसतं. "आठ दिवस थांबण्यास सांगण्यात आले" असं न लिहिता "काउंटरवरील कर्मचाऱ्याने सांगितले" असं लिहिलं. उर्मटपणा नाही, नाव नाही, पण सांगणारा कुणीतरी होता.

वॉचमनच्या बाबतीत मी उलटी चूक केली. "सदर मशीन सकाळपासून नादुरुस्त होते" असं ठोकून दिलं. आत्तीला हे माहीत नव्हतं, तिला वॉचमननं सांगितलं होतं. ऐकीव गोष्ट अर्जात छातीठोक झाली आणि मशीनच्या नोंदीत दुपारी कुणाला तरी पैसे मिळाल्याचं निघालं, तर पूर्ण अर्जावरचाच विश्वास जातो. "तेथील सुरक्षारक्षकाने मला सांगितले की..." एवढी वाढ पुरते. ती पूर्णपणे खरी आहे, कारण त्यानं सांगितलं हे तर खरंच.

एवढं झाल्यावर जे उरलं ते आवाजात नव्हतंच, त्यासाठी फोन करावा लागला. प्रश्न आधी लिहून घेतले, नाहीतर आत्ती आणखी अकरा मिनिटं बोलली असती.

पहिला प्रश्न "परवा"चा. "परवा परत गेलो तर म्हणं लेखी द्या," असं ती म्हणाली होती. आवाज गुरुवारचा, म्हणजे परवा मंगळवार, ९ जुलै. मी अर्ज लिहीत होतो शुक्रवारी, त्यामुळे घाईत बुधवारही धरला असता. पण मराठीतला परवा कालच्या आधीचाच असेल असं काही नाही, तो आठवडाभर मागे सरकू शकतो. विचारलं तर म्हणाली, "परवा म्हणजे बाजारादिवशी. पिशवी होती की हातात." बाजार सोमवारी, म्हणजे ८ जुलै. आणि पहिल्यांदा कधी गेली होतीस? "अंगारकीनंतर एक दिवस सोडून." २७ जून, गुरुवार. तिच्याकडं तारखा नव्हत्या असं नाही, त्या दुसऱ्या पंचांगात होत्या.

दुसरा प्रश्न चिठ्ठीचा. आवाजात "चिठ्ठी आली" असं होतं. ती कुठं आहे? फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, कपाटाचा आवाज, आणि मग, "सापडली. पंचांगात ठेवली होती." नातवानं फोटो पाठवला. तारीख २५/०६/२४, वेळ संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं, मशीनचा क्रमांक, बारा आकडी संदर्भ क्रमांक, सगळं होतं, पण फिकट. हा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, शाई नसते. हळूहळू पांढरा पडत जातो. पोराला सांगितलं की आधी झेरॉक्स काढ, अर्जाला झेरॉक्स जोड, मूळ चिठ्ठी हातची सोडू नको.

तिसरी गोष्ट प्रश्न नव्हती. आठव्या मिनिटाला तिनं कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे वाचून दाखवले होते, आणि वर "चार आकडी नंबर पण लिही, म्हणजे त्यांना बघता येईल." पिन! मी तो वहीतून फाडला. फोनवर तिला म्हटलं, पिन उद्याच्या उद्या बदल, आणि तो आवाज डिलीट करायला सांग. "बँकेलाच तर द्यायचा हाय, चोराला थोडाच?" बँकेलाही नाही, आत्ती. अर्जात खाते क्रमांक असतो, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे असतात, पिन कधीच नसतो.

शेवटचा प्रश्न विचारावा की नाही यावर मी थोडा घुटमळलो. भरपाई तिनं मागितलीच नव्हती, तिला नियम माहीतच नव्हता. लिहून देणाऱ्यानं आपल्या पदरची मागणी घालायची का? सही तिची आहे. म्हणून विचारलं.

"ते कशाला? माझं आठ हजार द्या म्हणावं, बास."

नियम आहे आत्ती, रोजचे शंभर.

"किती झालं?"

आजपर्यंत बारा दिवस. बाराशे.

क्षणभर शांतता. "मग लिही की."

पण बाराशे हा आकडा लिहिला नाही. अर्ज पोहोचेल, फिरेल, तोवर दिवस वाढणार. आकडा लिहिला की तोच मागितला असं होतं. अर्ज शेवटी असा झाला:

दि. १२ जुलै २०२४

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँक व शाखा)

विषय: एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून वजा झालेले रु. ८,००० परत मिळणे व विलंबाची भरपाई मिळणे याबाबत.

संदर्भ: बचत खाते क्र. ……, कार्डाचे शेवटचे चार अंक ……, व्यवहार संदर्भ क्र. ……

महोदय,

मी आपल्या शाखेची खातेदार आहे. मंगळवार, दि. २५ जून २०२४ रोजी सायंकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी मी दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर (मशीन क्र. ……) रु. ८,००० काढण्याचा प्रयत्न केला. मशीनमधून रोकड बाहेर आली नाही; केवळ पावती आली. माझ्या खात्यातून मात्र रु. ८,००० वजा झाले. मशीनमध्ये सकाळपासून अशीच अडचण येत असल्याचे तेथील सुरक्षारक्षकाने मला सांगितले.

दि. २७ जून रोजी मी शाखेत येऊन ही बाब तोंडी सांगितली. काउंटरवरील कर्मचाऱ्याने आठ दिवस थांबण्यास सांगितले. दि. ८ जुलै रोजी मी पुन्हा आले असता लेखी तक्रार देण्यास सांगितले. आजपर्यंत रक्कम जमा झालेली नाही. ही रक्कम माझ्या औषधांसाठी होती.

रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दि. ३० जूनपर्यंत जमा होणे आवश्यक होते. तरी कृपया,
रु. ८,००० माझ्या खात्यात जमा करावेत;
दि. १ जुलैपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज रु. १०० प्रमाणे भरपाई जमा करावी;
संबंधित मशीनच्या त्या वेळच्या व्यवहार नोंदी, रोकड ताळमेळ व सीसीटीव्ही चित्रण तपासावे, आणि चित्रण तक्रार निकाली निघेपर्यंत जपून ठेवण्यास संबंधित बँकेस कळवावे.

तक्रारीचा क्रमांक व या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत: १) एटीएम पावतीची छायाप्रत २) बँकेच्या संदेशाची छापील प्रत ३) पासबुकातील संबंधित पानाची छायाप्रत

"भीक मागतोय व्हय" कुठं गेलं, असं कुणी विचारेल. ते औषधांच्या एका वाक्यात आहे. आत्तीला मी अर्ज फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिनंच ते विचारलं. "मी रागावलेलो ते कुठं हाय?" मी औषधाची ओळ परत वाचली. "एवढंच?" म्हणाली. मग स्वतःच, "बरं, असू दे. ते रोजचे शंभर हाईत न्हवं, त्यात येतंय." वाचून दाखवणं मी यासाठी केलं होतं की काही चुकलं असेल तर कळावं, आणि तिनं एक चूक काढलीही. पहिल्यांदा गेली तेव्हा "आठ दिवस" म्हणाले होते, मी मसुद्यात "एक आठवडा" केलं होतं. "आठवडा सात दिवसांचा असतोय. ते आठ म्हणालं." आठ दिवस म्हणजे आठवडाच, असं मी मनात म्हणालो, पण तो शब्द दुसऱ्याच्या तोंडचा होता, आपण बदलायचा नाही.

दोन प्रती काढल्या. नातू शनिवारी घेऊन गेला. त्या १३ जुलैला दुसरा शनिवार, बँक बंद. ही चूक सर्वस्वी माझी, एवढी पंचांगं चाळून कॅलेंडरातला लाल चौकोन दिसला नाही. सोमवारी आत्ती बाजाराच्या पिशवीसकट स्वतः गेली, एक प्रत दिली आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठली नाही. नवीन पोरगंच होतं म्हणे टेबलावर. खुर्ची दिली त्यानं. तीस दिवसांत उत्तर आलं नसतं तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं होतं. त्यासाठी ती शिक्क्याची प्रत लागणार होती. पण तिथवर गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात आवाज आला. चार मिनिटं दहा सेकंद.

"चालू हाय का? हां. पैसे आले. एकादशी सोडली त्या दिवशी आले. आठ हजार, आन् वेगळे सतराशे. मी बोटावर मोजलं. एक तारखेपासनं अठरा होत्यात. ए, टीव्ही बारीक कर. अठरा का सतरा, तू बघ."

आषाढी १७ जुलैला होती. सोडली म्हणजे द्वादशी, १८ जुलै. मुदतीपुढचा पहिला दिवस १ जुलै, जमा झाली तो अठरावा. रक्कम सहाव्या दिवशी आली असती तर उशीर एक दिवसाचा धरला असता, त्याच मोजणीनं हा अठरा दिवसांचा. बँकेनं जमा केल्याचा दिवस सोडून दिला होता.

अठराच, आत्ती, असं कळवलं. लगेच फोन वाजला.

"मग लिही. प्रति, मॅनेजर साहेब. ह्या खेपेला आपल्याच बँकेचं."